हात सुजला तर आधी विचारा, नळीतून काय चालू होतं?

प्रश्न: जीएनएम करून मला आठ महिने झाले, तालुक्याच्या रुग्णालयात मेडिसिन वॉर्डला आहे. सलाईनचा हात सुजला की आमच्याकडे एकच सांगतात, "काढ आणि मॅगसल्फ लाव." फ्लेबायटिस, इन्फिल्ट्रेशन आणि एक्स्ट्राव्हेझेशन पेशंटच्या हातावर वेगवेगळं ओळखायचं कसं? प्रत्येकात पहिलं काय करायचं? आणि शीर निवडतानाच यातलं काही टळतं का?

उत्तर: सिस्टर, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. रात्री दोनला सुजलेल्या पुष्कळ हातांचं मूळ संध्याकाळी कॅज्युअल्टीत घाईने निवडलेल्या शिरेत असतं. तळहाताच्या मागची शीर नुसती दिसते म्हणून सुई तिथे जाते. मीही पहिली काही वर्षं डोळ्यांनीच शीर शोधली. नंतर एका वयस्क सिस्टरांनी मला डोळे मिटून बोटाने शोधायला लावलं, तेव्हा कळलं की चांगली शीर बोटाला लागते, ती डोळ्यांना दिसेलच असं नाही. बोटाने दाबली की ती खाली जाते, सोडली की स्प्रिंगसारखी वर येते. बोटाखाली ताठ दोरी लागली तर ती आधीच गोठलेली शीर आहे, तिच्या नादी लागू नका. ठोका लागला तर ती धमनी आहे, तिथून हात काढा.

प्रौढ माणसात माझी पहिली पसंती फोरआर्मला, म्हणजे कोपराच्या खाली आणि मनगटाच्या वर, आणि शक्यतो ज्या हाताने पेशंट जेवत नाही त्या हाताला. तिथे आतली दोन हाडंच फळीचं काम करतात, हात हलला तरी नळीचं टोक शिरेत घासत नाही. शीर रुंद असते, तिच्यातून रक्त जास्त वाहतं, त्यामुळे औषध टोकातून बाहेर पडताक्षणी पातळ होतं. तळहाताच्या मागे शीर बारीक, कातडी पातळ आणि खाली लगेच स्नायुबंध. तिथे औषध शिरेबाहेर गेलं तर त्याला पसरायला मऊ जागा नसते, आणि त्वचा मेली तर आतले बंध उघडे पडतात. कोपराच्या घडीतली शीर ठळक असते, कोसळलेल्या पेशंटला वाचवायला ती घ्यावीच लागते, पण तो हात वाकवला की नळी वाकते. शिवाय तिथला चमचाभर द्रव आत खोलवर जिरतो आणि सूज उशिरा दिसते. तिथे लावलेली लाईन पेशंट स्थिर झाला की बदला.

मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला एक सरळ, मोहात पाडणारी शीर असते. तिच्या अगदी शेजारून रेडियल मज्जातंतूची वरवरची फांदी जाते. मनगटापासून साधारण चार-पाच बोटं वर सरकून टोचा. टोचताना पेशंट "करंट बसला" म्हणाला तर सुई तिथेच थांबवून काढायची, पुढे रेटायची नाही. मनगटाची आतली, नाडी बघतो ती बाजू टाळा. डायलिसिसचा फिस्टुला असलेला हात, स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेली बाजू आणि लकवा मारलेला हात वापरायचा नाही. मूत्रपिंड हळूहळू निकामी होत असलेल्या पेशंटचा फोरआर्म मात्र वाचवायचा असतो, कारण उद्या त्याचा फिस्टुला तिथेच होणार आहे. त्याच्यासाठी हाताच्या मागची शीर हीच बरोबर. प्रौढाच्या पायात लाईन शक्यतो नको, गुठळी होण्याचा धोका वाढतो.

नळीचा आकार हा जागेइतकाच महत्त्वाचा. शीर रुंद आणि नळी त्या मानाने बारीक असली की नळीच्या बाजूने रक्त वाहत राहतं आणि शिरेची भिंत घासली जात नाही. वॉर्डातल्या साध्या सलाईनला आणि अँटिबायोटिकला निळी, म्हणजे २२ गेज, किंवा गुलाबी, म्हणजे २० गेज, बहुतेक वेळा पुरते. रक्त भराभर द्यायचं असेल, शस्त्रक्रियेला जायचं असेल तर हिरवी १८ गेज. "मोठी लावली की बरी" या सवयीने बारीक शिरेत हिरवी नळी खुपसली की दुसऱ्या दिवशी ती शीर लाल झालीच म्हणून समजा.

टोचण्याच्या कृतीबद्दल तुम्हाला नव्याने सांगण्यासारखं थोडंच आहे, पण ज्या चार ठिकाणी चुका होतात तेवढं सांगते. टूर्निके टोचायच्या जागेच्या साधारण चार ते सहा इंच वर, आणि इतकाच घट्ट की मनगटाची नाडी लागत राहील. शीर शोधण्यात दोन मिनिटं गेली तर सोडून पुन्हा बांधा. स्पिरिटने नुसतं पुसून लगेच टोचू नका. अल्कोहोल मिसळलेलं क्लोरहेक्सिडीन असेल तर तीस सेकंद चोळा आणि आपोआप वाळू द्या, फुंकर मारून नाही, आणि वाळल्यावर तिथे पुन्हा बोट लावायचं नाही. सुई १० ते ३० अंशांत, तिरकं तोंड वर. मागच्या खोलीत रक्त दिसलं की आपण खूष होतो, पण तेव्हा फक्त सुईचं टोक शिरेत असतं, प्लास्टिकची नळी अजून बाहेरच असते. कोन कमी करा, आणखी दोन-तीन मिलिमीटर पुढे जा, आणि मगच नळी सरकवा. आणि अर्धी मागे घेतलेली सुई पुन्हा नळीत घालायची नाही, टोकाने नळी कापली जाते आणि तुकडा रक्तात जाऊ शकतो. दोनदा चुकलं तर तिसरी वेळ दुसऱ्या कोणीतरी करावी. यात कमीपणा नाही, आपल्या तिसऱ्या प्रयत्नात पेशंटची शेवटची चांगली शीर जाते. दुसऱ्या वेळी टोचायचं तर पहिल्या छिद्राच्या वर जायचं, खाली नाही, नाहीतर खालून सोडलेलं औषध वरच्या छिद्रातून बाहेर येतं.

चिकटपट्टीबद्दल मी जरा तिरसट आहे. नळीवर पांढऱ्या पट्टीचा गठ्ठा बांधला की छिद्राभोवतीची कातडी कोणालाच दिसत नाही, आणि मग सूज थेट बोटांपर्यंत गेल्यावर कळते. पारदर्शक ड्रेसिंग असेल तर तेच. नसेल तर छिद्रावर छोटा निर्जंतुक गॉज, पट्टी फक्त पंखांवर, आणि नळीच्या टोकावरची दोन बोटं कातडी उघडी. बाईमाणसाच्या हातात बांगड्या असतात, चुडा असतो, कोणाच्या मनगटाला गंडा किंवा दोरा. तो कापायला सांगू नका, समजावून दुसऱ्या हातात घालायला सांगा किंवा वर सरकवा, कारण हात सुजला की बांगडीच टूर्निके होते. अंगठी आधीच काढून नातेवाइकाच्या हातात द्या आणि तशी नोंद करा.

आता ओळखण्याकडे. हात सुजलेला दिसला की "किती सुजला?" हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, नळीतून काय चालू होतं, आणि किती वेळ. याच एका उत्तरावर पुढची सगळी धावपळ ठरते.

फ्लेबायटिस म्हणजे शिरेच्या आतल्या अस्तराचा दाह. द्रव अजून शिरेतच आहे, पण शीर चिडली आहे. म्हणून खुणा शिरेच्या रेषेत दिसतात: छिद्राच्या वर लालसर पट्टा, हात लावला की ऊन, दाबलं की दुखतं, आणि पुढे गेलं की बोटाखाली दोरी लागते. कारणं तीन. एक, नळी मोठी किंवा हलणारी. दुसरं, औषध आम्लधर्मी, अल्कधर्मी किंवा फार तीव्र. तिसरं, जंतू. दुसऱ्या कारणाचं आपल्या वॉर्डातलं रोजचं उदाहरण म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन. औषध आम्लधर्मी आहे, बाटली १०० मिलीची, आणि ती तासाभरात द्यायची असते. रात्री तीन पेशंटच्या बाटल्या एकदम लावायच्या असतात, मग ती वीस मिनिटांत उतरते, आणि सकाळी राउंडला हातावर लाल रेघ. शीर वाईट म्हणून नव्हे, घड्याळ वाईट म्हणून. पोटॅशियमचंही तसंच. बाहेरच्या शिरेतून लिटरमध्ये ४० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त आणि तासाला १० पेक्षा जास्त जायला नको. २५ टक्के डेक्स्ट्रोज तर शिरेला जाळणारंच आहे. रक्तातली साखर कोसळल्यावर ते द्यावं लागतं तेव्हा मोठ्या शिरेतून, हळू, आणि नंतर सलाईनने धुऊन.

फ्लेबायटिसचे टप्पे मोजायला व्हीआयपी स्कोअर वापरतात, शून्य ते पाच. पाठ करण्यापेक्षा त्यातली एकच पायरी लक्षात ठेवा. नुसतं हलकं दुखतं किंवा नुसती किंचित लाली, यातलं एकच असेल तर लाईन ठेवून नजर ठेवता येते. दुखणं, लाली, सूज यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की स्कोअर दोन झाला, लाईन काढायची. "अजून चालतेय की, उद्या डिस्चार्ज आहे" हे ऐकायचं नाही. शिरेची दोरी लागली म्हणजे चार, आणि त्यावर ताप आला म्हणजे पाच. छिद्रातून पू येत असेल किंवा ताप असेल तर डॉक्टरांना तेव्हाच कळवा, पूचा स्वॅब आणि रक्ताचं कल्चर त्यांच्या सांगण्याप्रमाणे, आणि नळीचं टोक पाठवायचं की नाही हे ती फेकण्याआधी विचारा.

काढल्यावर पुढची लाईन दुसऱ्या हाताला. दुखऱ्या हाताला उशीवर टेकवून कोमट शेक, आणि इथे तुमचं मॅगसल्फ-ग्लिसरीन किंवा हेपॅरिनॉइड जेल चालतं, त्याने बऱ्याच पेशंटना आराम पडतो. फक्त कातडी फुटलेली नसावी. दर ७२ किंवा ९६ तासांनी लाईन बदलायचीच का, असं तुम्ही पुढे विचाराल. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये तीन हजारांवर पेशंटवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये आला. ठराविक वेळी बदलल्या काय किंवा त्रास दिसल्यावर बदलल्या काय, फ्लेबायटिस दोन्हींकडे सारखाच, साधारण ७ टक्के. पण "त्रास दिसल्यावर" याचा अर्थ कोणीतरी पाळीगणिक बघतंय असा आहे. जिथे बघितलं जात नाही तिथे घड्याळाचा नियम बरा. तुमच्या रुग्णालयाचा जो नियम असेल तो पाळा. आणि धावपळीत, नीट न पुसता लावलेली लाईन मात्र एक-दोन दिवसांत बदलून टाका.

इन्फिल्ट्रेशनमध्ये शीर रागावलेली नसते, नळीचं टोक शिरेबाहेर आलेलं असतं आणि साधं सलाईन, आरएल, न जाळणारं औषध मांसात साचत असतं. म्हणून खुणा उलट: हात गार, फिका, कातडी ताणलेली आणि चकचकीत, सूज शिरेच्या रेषेत न राहता सगळीकडे पसरलेली. ड्रिप मंदावते, पेशंट "हात जड झालाय" म्हणतो. दोन्ही हात शेजारी ठेवून बघा, एकट्या हातावर सूज कळत नाही, विशेषतः म्हाताऱ्या माणसात, ज्यांची कातडी आधीच सैल असते.

इथे एक गैरसमज मोडायला हवा. बाटली खाली धरली आणि नळीत रक्त आलं म्हणजे लाईन ठीक, असं आपण शिकलो. टोक अर्धं शिरेत आणि अर्धं बाहेर असेल, किंवा मागच्या भिंतीला भोक पडलं असेल तरी रक्त येतं. याहून चांगली खूण अशी: नळीच्या टोकाच्या वर शीर बोटाने दाबून धरा. द्रव शिरेत जात असेल तर ड्रिप थांबते. बाहेर साचत असेल तर ड्रिप आपली टपटपत राहते. दाहक औषध चालू असेल तर मात्र ही खेळी करत बसू नका, आधी बंद करा. आणि इन्फ्युजन पंपावर विसंबू नका. पंप अडथळा आला की ओरडतो. मांस मऊ असतं, त्यात द्रव ढकलायला त्याला काही अडथळा वाटत नाही, तो शांतपणे ढकलत राहतो.

इन्फिल्ट्रेशनमध्ये बंद करा, नळी काढा, हात उंच ठेवा, शेक कोमट की गार हे पेशंटला बरं वाटेल तसं. सुजेच्या कडेला पेनने रेघ मारा आणि वेळ लिहा. बोटांची नखं दाबून सोडा, दोन-तीन सेकंदांत गुलाबी व्हायला हवीत. बोटं हलवायला सांगा. हात दगडासारखा टणक, बोटं सरळ केली की असह्य कळ, बधिरपणा, असं असेल तर साधं सलाईन असलं तरी ती तातडीची बाब आहे. बंदिस्त कप्प्यात दाब वाढून स्नायू मरतात. डॉक्टरांना फोन करून "हात सुजलाय" म्हणू नका, "बोटं सरळ होत नाहीत, नखं पाच सेकंदांनी भरतायत" असं म्हणा. ते धावत येतील.

आणि एक्स्ट्राव्हेझेशन म्हणजे हेच, पण बाहेर गेलेलं औषध मांस जाळणारं. आपल्या वॉर्डात भेटणारी नावं: नॉरअॅड्रेनालिन, डोपामिन, कॅल्शियम, २५ टक्के डेक्स्ट्रोज, फेनिटॉइन, तीव्र पोटॅशियम, आणि कर्करोगाची काही औषधं. सुरुवातीला हात इन्फिल्ट्रेशनसारखाच दिसतो, हीच फसवणूक आहे. जळजळ, कळ, कधी पांढराफटक डाग, कधी निळसर जाळी. फोड आणि काळेपणा तासांनी, दिवसांनी येतो. म्हणून "फोड नाही, म्हणजे काही नाही" असं कधीच धरायचं नाही. बेशुद्ध किंवा झोपेचं औषध दिलेला पेशंट आणि लहान मूल तक्रार करत नाही, तिथे आपले डोळेच तक्रार. साधारण वॉर्डात चार तासांनी लाईन बघायची म्हणतात, गंभीर पेशंटची तासा-दोन तासांनी, लहान मुलांची दर तासाला.

पहिली कृती इथे वेगळी आहे, आणि तुमच्या "काढ आणि लाव" मध्ये हीच हुकते. औषध बंद करा, पण नळी काढू नका. आयव्ही सेट काढून नळीला थेट छोटी सिरिंज जोडा आणि हळूच मागे ओढा, जितकं येईल तितकं. सलाईनने धुवायचं नाही, तुम्ही तेच विष आणखी आत ढकलाल. जागेवर दाब द्यायचा नाही, चोळायचं नाही. मग डॉक्टर, कारण काही औषधांचा उतारा याच नळीतून द्यायचा असतो. उतारा नळीतून देणार नसतील तर मग ओढत-ओढत नळी काढा. पुढचा शेक औषधावर ठरतो. नॉरअॅड्रेनालिनसारखं रक्तवाहिन्या आवळणारं औषध असेल तर कोरडा कोमट शेक, बर्फ कदापि नाही, कारण आधीच आवळलेल्या वाहिन्या बर्फाने आणखी आवळतात. व्हिन्क्रिस्टिनलाही कोमटच. डॉक्सोरुबिसिनला उलट, गार. शेक म्हणजे गरम पाण्याची पिशवी नव्हे. बधिर कातडी भाजते आणि मग औषधाची जखम कुठली आणि आपली कुठली ते कळत नाही.

एक रात्र सांगते. साठीच्या आसपासच्या एक मावशी, लघवीच्या जंतुसंसर्गातून शॉकमध्ये. दोन लिटर सलाईन देऊनही रक्तदाब ७८ वर ४४. मानेतली सेंट्रल लाईन टाकायला डॉक्टर दुसऱ्या केसमधून सुटायचे होते, म्हणून नॉरअॅड्रेनालिन, ५० मिलीमध्ये ४ मिलिग्रॅम, सिरिंज पंपावर बाहेरच्या शिरेतून सुरू झालं. लाईन कॅज्युअल्टीतली, डाव्या हाताच्या मागे निळी. हात चादरीखाली, कारण मावशींना थंडी वाजत होती. दीडला दाब ९६ झाला, दोनला पुन्हा ८२. डॉक्टरांच्या फोनवरच्या ऑर्डरप्रमाणे मी वेग वाढवला. सव्वादोनला ७८. पुन्हा वाढवला. मग मावशी म्हणाल्या, "बाय, ह्यो हात गारठलाय गं."

चादर काढली तर छिद्राच्या वर दोन बोटं रुंद पांढरा पट्टा, भोवती सूज, हात गार. दाब का पडत होता ते तेव्हा उमगलं. औषध शिरेत जातच नव्हतं, आणि मी वेग वाढवून तेच औषध तिच्या हातात ओतत होते. तेव्हापासून माझा नियम झाला: व्हॅसोप्रेसर चालू असताना दाब अचानक पडला तर पंपाला हात लावायच्या आधी चादर उचलून हात बघायचा.

अशा वेळी दोन कामं एकदम करावी लागतात आणि ती एका माणसाची नाहीत. औषध बंद ठेवलं तर मावशी जाणार, चालू ठेवलं तर हात जाणार. म्हणून मी ते बंद करून सोबतच्या सिस्टरला दुसऱ्या हाताच्या फोरआर्मला गुलाबी लाईन टाकायला सांगितलं, आणि नॉरअॅड्रेनालिन तिथून दोन-तीन मिनिटांत पुन्हा सुरू झालं. खरं तर ही दुसरी लाईन आधीच तयार असायला हवी होती. बाहेरच्या शिरेतून नॉरअॅड्रेनालिन चालू असेल तर लाईन फोरआर्मच्या मोठ्या शिरेत, हात उघडा, रक्तदाबाचा पट्टा दुसऱ्या हाताला, आणि एक मोकळी लाईन राखून ठेवलेली. यातलं त्या रात्री एकच होतं, पट्टा.

डाव्या नळीतून सिरिंजने जेमतेम अर्धा मिली गुलाबी पाणी आलं. पांढऱ्या पट्ट्याच्या कडेने पेनने रेघ मारली, शेजारी वेळ लिहिली, वॉर्डच्या फोनवर फोटो काढला. डॉक्टर आले. याचा ठरलेला उतारा फेंटोलॅमिन, ५ ते १० मिलिग्रॅम १० मिली सलाईनमध्ये, बारीक सुईने पांढऱ्या भागात जागोजागी कातडीखाली, बारा तासांच्या आत. आमच्या औषधालयात ते नव्हतं, आणि खूप ठिकाणी नसतं. डॉक्टरांनी दम्याचं टर्ब्युटालिन मागितलं, १ मिलिग्रॅम १० मिली सलाईनमध्ये, तेही वाहिन्या सैल करतं, आणि तसंच जागोजागी टोचलं. दोन्ही औषधांनी दाब आणि नाडी बदलू शकते म्हणून मी पुढचा अर्धा तास दर पाच मिनिटांनी दाब घेत राहिले. नळी काढली, हात उशीवर, कोरडा कोमट टॉवेल. पंधरा मिनिटांत पांढऱ्याचं गुलाबी व्हायला लागलं. एका बाजूला नाण्याएवढा भाग फिकाच राहिला.

त्याच भागावर तिसऱ्या दिवशी फोड आला. सर्जनना आधीच कळवून ठेवलं होतं. तो न फोडता झाकून ठेवला, वरची कातडी काळसर होऊन सुटली, पण खालचे बंध शाबूत राहिले आणि साध्या ड्रेसिंगवर तीन आठवड्यांत भरून आलं. बारा तास उशीर झाला असता तर कातडी लावावी लागली असती असं सर्जन म्हणाले.

नोंदीत मी काय लिहिलं ते सांगते, कारण सकाळी तेच विचारलं जातं: लाईनची जागा, गेज, कोणत्या पाळीत लागली, औषध आणि त्याची तीव्रता, पंपावरचा वेग आणि तो कितीला वाढवला, सूज आणि पांढरेपणा किती सेंटिमीटर, बंद कितीला केलं, किती मागे ओढलं, डॉक्टरांना कळवल्याची आणि ते आल्याची वेळ, उतारा, बोटांची हालचाल, नातेवाइकांना काय सांगितलं. चादरीखाली हात दीड तास कोणी पाहिला नव्हता, हेही लिहिलं. लिहिताना पेन जड झालं, पण दुसऱ्या महिन्यात आमच्या वॉर्डात व्हॅसोप्रेसरच्या चार्टवर "हात बघितला" असा एक रकाना वाढला तो त्यामुळेच.

तुमच्या वॉर्डातलं मॅगसल्फ फेकू नका. फ्लेबायटिसवर ते राहू द्या. फक्त त्याच्या डब्याकडे जाण्याआधी बाटलीवरचं किंवा सिरिंजवरचं लेबल वाचा. आणि डिस्चार्जला नळी काढताना पेशंटला एवढं सांगा की घरी गेल्यावर दोन दिवसांत त्या जागी लाल पट्टा, दोरीसारखी शीर किंवा ताप दिसला तर परत यायचं, कारण नळी निघाल्यानंतर ४८ तासांपर्यंतही फ्लेबायटिस होतो, आणि तोपर्यंत तो हात बघायला आपण तिथे नसतो.